‘लक्षात ठेवेन’ म्हणालं, पण ठेवलं कुठे?

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय यांच्यापैकी कुणाशीही मराठीत बोला आणि बोलता बोलता ‘एवढं लक्षात ठेव हं’ असं सांगून बघा. बहुतेक वेळा लगेच उत्तर येतं, ‘नक्की, हे मी लक्षात ठेवेन.’ वाक्य साधं आहे, आपण दिवसातून दहा वेळा ते एकमेकांना म्हणतो. म्हणूनच त्यावर पटकन विश्वास बसतो. पण त्या ॲपमधली स्मृतीची सोय, म्हणजे सेटिंगमध्ये ‘Memory’ किंवा तशा एखाद्या नावाने दिसणारी सोय बंद असेल, तर हे वाक्य उमटल्यानंतर कुठेही काहीही लिहिलं जात नाही. ना एखाद्या यादीत, ना मॉडेलच्या आत. तरीही मॉडेल तसं का म्हणतं आणि त्या म्हणण्याला किती अर्थ असतो, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण हल्ली लोक या वाक्याच्या भरवशावर खऱ्या गोष्टी सोडून देतात.

समजा, नाशिकमधल्या एक बाई घरगुती डबे देतात. आठवड्याचा मेनू ठरवताना त्या मोबाइलवरच्या चॅटची मदत घेतात. एका घरी डबा जातो तिथल्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. रविवारी संध्याकाळी बाई लिहितात, ‘एका डब्यात शेंगदाणा कुठल्याच रूपात नको, कूट नको, तेलही नको. लक्षात ठेव.’ उत्तर येतं, ‘नक्की, लक्षात ठेवेन.’ पुढे तासभर मॉडेल खरंच सांभाळून वागतं. भरल्या वांग्यांत कुटाऐवजी तीळ आणि सुकं खोबरं सुचवतं, काकडीच्या कोशिंबिरीत कूट टाळतं, चटणी बदलून जवसाची देतं. बाईंचा जीव भांड्यात पडतो. पुढच्या रविवारी त्या नवी चॅट उघडतात आणि म्हणतात, ‘या आठवड्याचा मेनू दे.’ मेनू येतो. मंगळवारी भरली वांगी, गुरुवारी अळूची पातळ भाजी, शनिवारी खमंग काकडी. तिन्ही पदार्थ आपल्याकडच्या नेहमीच्या रीतीने, म्हणजे दाणे आणि कूट घालून.

मधल्या आठवड्यात मॉडेल काही विसरलं का? विसरायला आधी लक्षात असावं लागतं. इथे तसं काही नव्हतंच, आणि ते कसं हे पाहायला पडद्यामागे काय जातं ते उघडून बघावं लागेल.

भाषेचं मॉडेल म्हणजे आकड्यांचा एक प्रचंड संच. प्रशिक्षणाच्या काळात हे आकडे बदलत राहतात आणि प्रशिक्षण संपलं की गोठतात. तुम्ही आम्ही बोलतो तेव्हा त्यातला एकही आकडा हलत नाही. लाखो लोक एकाच वेळी त्याच गोठलेल्या संचाशी बोलत असतात. मग त्याच चॅटमध्ये दहा मिनिटांपूर्वीचं त्याला कसं आठवतं? तर आठवत नाही, पुन्हा दाखवलं जातं. तुम्ही नवा प्रश्न विचारता तेव्हा ॲप फक्त तो प्रश्न पाठवत नाही, सुरुवातीपासूनचा संवाद पुन्हा जोडून पाठवतं. पहिल्या रविवारी बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाबरोबर मॉडेलकडे साधारण असं गेलं:

```
[
  {"role": "user", "content": "एका डब्यात शेंगदाणा नको. लक्षात ठेव."},
  {"role": "assistant", "content": "नक्की, लक्षात ठेवेन."},
  {"role": "user", "content": "आता मंगळवारची भाजी सुचव."}
]
```

यात `user` म्हणजे बाई आणि `assistant` म्हणजे मॉडेल. स्वतः दिलेलं वचनसुद्धा मॉडेलला असंच, बाहेरून आलेल्या कागदावर वाचायला मिळतं. शेंगदाण्याची ओळ समोर आहे, म्हणून ते वांग्यांत तीळ घालतं. आता दुसऱ्या रविवारी काय गेलं ते पाहा:

```
[
  {"role": "user", "content": "या आठवड्याचा मेनू दे."}
]
```

बस, एवढंच. नव्या चॅटमध्ये कागद कोरा असतो. सरकारी दवाखान्यात दर खेपेला वेगळे डॉक्टर भेटतात आणि त्यांना आपल्याबद्दल जे काही कळतं ते केसपेपरवरून, तसंच हे आहे. केसपेपर घरी राहिला की डॉक्टर कितीही हुशार असोत, मागच्या वेळी कुठल्या गोळीने अंगावर पित्त उठलं होतं हे त्यांना कळायला मार्ग नाही. जुनी चॅट बाईंच्या फोनवर बाजूच्या यादीत दिसत असते, कंपनीच्या सर्व्हरवरही असते. पण नवा प्रश्न मॉडेलकडे जाताना ती सोबत जोडली जात नाही, म्हणून मॉडेलपुरती ती नसल्यात जमा.

मग ते खोटं का बोललं, असा प्रश्न साहजिक पडतो. मला वाटतं, खोटं बोलणं हा शब्द इथे लागू पडत नाही आणि ‘तांत्रिक चूक’ म्हणून सोडून देणंही बरोबर नाही. कारणं दोन-तीन थरांची आहेत.

पहिला थर माणसांच्या लिखाणाचा. मॉडेल पुढचा शब्द कोणता असावा हे ठरवत ठरवत वाक्य बनवतं आणि ते शिकलेलं असतं माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरातून. त्यात पत्रं आहेत, कथांतले संवाद आहेत, ग्राहक आणि दुकानदारांचे संदेश आहेत. या सगळ्यात ‘लक्षात ठेव’ या विनंतीनंतर काय येतं? ‘हो, ठेवतो.’ माणसाला स्मरणशक्ती असते, त्यामुळे माणसाच्या तोंडी ते वाक्य शोभतं. मॉडेलने वाक्य उचललं, त्यामागची शक्ती त्याच्याकडे आलेली नाही.

दुसरा थर पसंतीचा. नुसत्या मजकुरावर शिकलेलं मॉडेल बडबडं आणि बेभरवशाचं असतं, म्हणून त्याला पुढे वळण लावलं जातं. ओपनएआयने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इन्स्ट्रक्टजीपीटी’च्या कामात सुमारे ४० माणसं नेमली होती. एकाच प्रश्नाची अनेक उत्तरं त्यांच्यासमोर ठेवायची, त्यांनी चांगलं-वाईट क्रम लावायचा आणि मॉडेलने त्या क्रमाकडे झुकायचं, अशी ती पद्धत. पुढे बहुतेकांनी याच वाटेने जात आपापल्या सुधारणा केल्या. आता विचार करा, परीक्षकासमोर दोन उत्तरं आहेत. एक म्हणतं, ‘नक्की, लक्षात ठेवेन.’ दुसरं म्हणतं, ‘ही चॅट संपली की मला हे कळणार नाही.’ पहिलं आपुलकीचं वाटतं, दुसरं तुसडं. परीक्षक पाहतो ती एवढीच देवाणघेवाण. पुढच्या रविवारचा कुटाचा मेनू त्याच्यासमोर कधीच येत नाही. वचन दिल्याचं बक्षीस मिळतं, पण ते मोडल्याचा दंड कधीच बसत नाही. या एका मुद्द्यात अर्ध्याहून जास्त उत्तर आहे असं मला वाटतं.

तिसरा थर म्हणजे मॉडेलला आपण कुठे चालतो आहोत हे आतून दिसत नाही. तेच मॉडेल एका ॲपमध्ये स्मृतीसकट चालतं, दुसऱ्यात स्मृतीशिवाय, तिसरीकडे एखाद्या बँकेच्या ग्राहकसेवेत. तुमच्या फोनवरचं ते बटण चालू आहे की बंद, हे त्याला कुणी लिहून सांगितलं तरच कळतं. चॅट सुरू होताना ॲप पडद्याआड एक सूचनापत्र जोडतं, त्यात कोणती साधनं हाताशी आहेत ते लिहिलेलं असतं. स्मृती बंद असेल तर काही सेवा त्यात स्पष्ट लिहितात की हे साधन उपलब्ध नाही, वापरणाऱ्याने लक्षात ठेवायला सांगितलं तर सेटिंगकडे बोट दाखव. अशा ठिकाणी मॉडेल बऱ्यापैकी सरळ बोलतं. जिथे त्याबद्दल अवाक्षर नसतं, तिथे ते वर सांगितलेल्या सवयीवर जातं.

यात एक गंमतशीर इतिहास आहे. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम जगापुढे मांडला. त्याला बोललेल्यातलं काहीच कळत नव्हतं, पण त्यात स्मृतीची एक छोटी खरीखुरी सोय होती. ‘माझं अमुक’, ‘माझा तमुक’ असं वाक्य आलं की ते बाजूला साठवायचं आणि पुढे बोलायला काही सुचलं नाही की ‘मघाशी तुम्ही तुमच्या अमुकबद्दल म्हणालात’ असं काढायचं. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचा अडाणी प्रोग्राम वचन न देता साठवत होता आणि आजचं भाषाकुशल मॉडेल न साठवता वचन देतं.

एकाच चॅटपुरतं तरी ते वचन पक्कं असतं का? बऱ्याच अंशी हो, पण तिथेही मर्यादा आहेत. मॉडेल एका वेळी ठरावीक लांबीचाच मजकूर पाहू शकतं. ही लांबी टोकनमध्ये मोजतात, टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. आता काही मॉडेलं दोन लाख किंवा त्याहून जास्त टोकनं समोर ठेवू शकतात, पण प्रत्येक ॲप आणि प्रत्येक योजना तेवढी मुभा देतेच असं नाही. मजकूर मावेनासा झाला की सुरुवातीचा भाग गाळला जातो किंवा त्याचा सारांश करून ठेवला जातो. शेंगदाण्याची ओळ पहिल्या पाच मिनिटांतली असेल, तर नेमकी तीच जाण्याची भीती.

मराठीत लिहिणाऱ्यांना याची झळ जास्त बसत आली आहे, कारण देवनागरी शब्दांचे तुकडे जास्त पडतात. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयनेच एक नमुना दिला होता. एका छोट्या परिच्छेदाची जुन्या पद्धतीने मराठीत ९६ टोकनं होत होती, नव्या पद्धतीने ३३ झाली. त्याच मजकुराची इंग्रजीत आधी २७ आणि नंतर २४. सुधारणा मोठी आहे, तरी आपली चॅट इंग्रजीपेक्षा अजूनही लवकर भरते. शिवाय मजकूर मावला म्हणजे मॉडेल तो सारख्याच लक्षाने वाचतं असंही नाही. लांबलचक मजकुराच्या मध्यावर असलेली माहिती मॉडेलं सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीपेक्षा कमी नीट वापरतात, असं २०२३ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणून तास-दीड तास एकाच चॅटमध्ये बोलत असाल तर महत्त्वाची अट अधूनमधून पुन्हा लिहावी.

स्मृती चालू केल्यावर काय बदलतं? मॉडेलचे गोठलेले आकडे तेव्हाही हलत नाहीत. बदलतं ते एवढंच की त्याला एक वही मिळते. ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये चॅटजीपीटीत ही सोय थोड्या लोकांपासून सुरू केली. मॉडेल बोलता बोलता एक साधन वापरतं, ॲप त्या वहीत एक छोटं वाक्य लिहितं आणि पडद्यावर ‘Memory updated’ अशी खूण येते. पुढच्या प्रत्येक नव्या चॅटच्या आरंभी वहीतली ही वाक्यं मॉडेलसमोर ठेवली जातात. एप्रिल २०२५ मध्ये त्यात भर पडली आणि जुन्या चॅटमधले संदर्भही आपोआप घेतले जाऊ लागले. पण जुन्या चॅटमधला प्रत्येक तपशील त्यात टिकेलच असं कंपनीही म्हणत नाही. नक्की राहायला हवी अशी गोष्ट वहीत, म्हणजे जतन केलेल्या नोंदींतच असायला हवी.

वही असूनही घोटाळे होतात. नोंद त्रोटक होते. बाईंनी सांगितलं होतं ‘एका घरी’ आणि ‘तेलही नको’, वहीत उतरतं फक्त ‘एका ग्राहकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’. मग पुढच्या वेळी कूट टळतं, पण फोडणीला शेंगदाणा तेल येतं. कधी मॉडेल ‘नोंद केली’ असं म्हणतं आणि साधन वापरतच नाही. कारण तोंडचं वाक्य आणि वहीतली नोंद या दोन वेगळ्या कृती आहेत. एक झाली म्हणून दुसरी झालीच असं धरता येत नाही. स्मृती बंद असताना हीच गोष्ट टोकाला जाते, वाक्य येतं आणि नोंद होण्याची शक्यताच नसते.

मग आपल्या बाबतीत नक्की काय झालंय हे ओळखायचं कसं? मॉडेललाच विचारायचा मोह होतो. त्यात एक खोच आहे, ती नीट पाहा. नवी चॅट उघडून बाईंनी विचारलं, ‘त्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, लक्षात आहे ना?’ तर ‘हो, अर्थातच’ असं उत्तर येऊ शकतं. येणारच, कारण उत्तर प्रश्नातच होतं. त्याऐवजी विचारायला हवं, ‘माझ्या ग्राहकांपैकी कुणाला काय चालत नाही?’ प्रश्नात शेंगदाण्याचा मागमूस नको. यावर शेंगदाणा आला तर नोंद आहे. ‘मला माहिती नाही’ आलं तर नाही. आणि ‘एकांना मधुमेह आहे, दुसऱ्या कांदा-लसूण खात नाहीत’ असं काहीतरी छान रचून आलं, तर तो अंदाज आहे हे ओळखावं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे मॉडेलला न विचारता सेटिंग उघडणं. चॅटजीपीटीत ‘Settings’मधून ‘Personalization’ या भागात जा, तिथे स्मृती चालू आहे की नाही ते दिसतं आणि जतन केलेल्या नोंदी एकेक करून वाचता येतात. नोंद त्या यादीत दिसली तर आहे, नाही दिसली तर तिच्यावर विसंबू नये.

ज्या चॅटला ‘Temporary Chat’ म्हणतात, तिथे वहीत काही लिहिलं जात नाही. त्या खिडकीत दिलेलं कुठलंही वचन तिच्याबरोबरच संपतं.

याच जातीची आणखी वाक्यं आहेत. ‘मला दोन तास द्या, यादी तयार करून पाठवतो.’ साध्या चॅटमध्ये उत्तर पूर्ण झालं की मॉडेल तुमच्यासाठी मागे काही करत बसत नाही, तुम्ही पुढचं काही लिहीपर्यंत सगळं थांबलेलं असतं. ठरल्या वेळी काम करून देणारी वेगळी सोय काही सेवांत असते, पण ती लावलेली दिसायला हवी. ‘तुमच्या सूचनेतून मी शिकलो, पुन्हा ही चूक होणार नाही’ हेही त्याच चॅटपुरतं. आणि उलट बाजूचं वचन, ‘ठीक आहे, हे मी विसरून जातो’, ते तर जास्त फसवं आहे. स्मृती बंद आहे म्हणजे तुमचा मजकूर कुठेच नाही असं नव्हे. चॅट कंपनीकडे साठलेली असते. तात्पुरत्या चॅटचीही प्रत सुरक्षेच्या कारणासाठी ३० दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते, असं ओपनएआय सांगतं. तुमच्या चॅट पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरायच्या की नाही, त्याचं बटण पुन्हा वेगळं. म्हणजे मॉडेलला तुमचं काही आठवत नसताना कंपनीकडे ते असू शकतं. एखादी चॅट खोडली तरी तिच्यातून वहीत गेलेली नोंद तशीच राहते, ती स्वतंत्रपणे खोडावी लागते.

ज्यांच्या हातात हे बनवणं आहे त्यांच्याकडून माझी अपेक्षा फार नाही. स्मृती बंद असेल तर मॉडेलने ‘या चॅटपुरतं ध्यानात घेतो, पुढच्या वेळी पुन्हा सांगा’ एवढं म्हणावं. तुसडं न वाटता हे सांगता येतं, सूचनापत्रात दोन ओळी घातल्या तर बरंचसं जमतं, आणि उत्तरांना क्रम लावताना खोट्या वचनाला खालचा क्रम दिला तर अधिक जमेल. हे न करता ग्राहकाला बरं वाटावं म्हणून पोकळ होकार चालू ठेवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. औषधं, ॲलर्जी, पैशांच्या तारखा, कोर्टाच्या तारखा अशा गोष्टींत तर नक्कीच.

तोवर वापरणाऱ्यांनी एक करावं. ज्या अटी दर वेळी लागतात त्या पाच-सहा ओळींत स्वतः लिहून ठेवाव्यात, फोनमधल्या नोंदींत किंवा कागदावर, आणि नवी चॅट उघडली की पहिला संदेश म्हणून तोच मजकूर चिकटवावा. कायमच्या सूचना लिहायची जागा ॲपमध्ये असेल तर तिथे घालाव्यात आणि महिन्यातून एकदा तिथे जाऊन त्या वाचाव्यात. आणि जिथे चुकीमुळे कुणाच्या जिवावर बेतू शकतं, तिथे मॉडेलला आठवण असो वा नसो, आलेलं उत्तर त्या यादीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.